पस्तीस ग्रॅमचा पक्षी

आपल्याकडच्या पक्ष्यांच्या दुकानांत बजी बहुतेक वेळा ‘लव्हबर्ड’ या नावाने विकला जातो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा आणि अंगाने दणकट. बजी, म्हणजे बजरीगर, हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, गवताळ अंतर्भागातला सडपातळ पक्षी. तिथे आजही त्याचे हिरवेगार थवे पाऊस पडेल त्या दिशेला उडत जातात आणि जमिनीवर उतरून गवताचं बी टिपतात. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १८४० मध्ये काही जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तिथून त्यांची पिंजऱ्यातली वंशावळ वाढत गेली. निळे, पांढरे, पिवळे हे सगळे रंग माणसाने निवडून टिकवलेले आहेत. आपला देशी पोपट घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. बजी परदेशी असल्यामुळे आणि पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढत आल्यामुळे तो आपल्या फ्लॅटमध्ये येऊ शकतो.

माझ्याकडे बरीच वर्षं बजी आहेत. ओळखीपाळखीचे लोकही आपले पक्षी दाखवायला आणतात, आणि ते बहुधा उशिरा आणतात. या पक्ष्याचं वजन तीस ते चाळीस ग्रॅम असतं. थव्यात जो मलूल दिसतो त्याच्यावर शिकारी पक्ष्याची नजर पहिली पडते, म्हणून आजारी बजीसुद्धा अंगात बळ असेपर्यंत ताठ बसतो, दाणे टिपल्यासारखं करतो, हाक मारली तर बोलतो. त्याचा आजार आपल्याला दिसतो तेव्हा त्याची लपवण्याची ताकद संपलेली असते. खाली जे सांगतो आहे ते सगळं यातूनच आलेलं आहे. पिंजरा, खाणं आणि सोबत अशी असावी की आजार कमी होतील, आणि झालाच तर तो पक्षी लपवत असतानाच आपल्या लक्षात यावा.

१. पिंजऱ्याची लांबी मोजा, उंची नंतर बघा

बजी आडवा उडतो. सरळ वर चढत जाणं त्याला जमत नाही, त्यामुळे उंच मनोऱ्यासारख्या पिंजऱ्यातली वरची जागा त्याच्या उपयोगाची नसते. गोल पिंजरा तर घेऊच नये. त्यात उडायला सरळ रेषा मिळत नाही आणि टेकायला कोपराही नसतो. एका जोडीसाठी कमीत कमी तीस इंच लांब, अठरा इंच खोल आणि अठरा इंच उंच असा पिंजरा हवा. जागा असेल तर लांबी आणखी वाढवा. दुकानात पक्ष्यांबरोबर जो एक-दीड फुटी पिंजरा ‘सेट’ म्हणून मिळतो तो डॉक्टरांकडे न्यायला चांगला, राहायला नाही.

दोन गजांमधलं अंतर अर्धा इंच असावं. जास्त असेल तर लहान पिल्लू त्यात डोकं अडकवतं. स्वस्त पिंजऱ्यांना जस्ताचा मुलामा असतो. बजी दिवसभर चोचीने गजांवर चढतो, त्यांना चावतो, आणि जस्ताचे सुटे कण पोटात गेले तर विषबाधा होते. असा पिंजरा आणला तर व्हिनेगर लावून कडक ब्रशने घासावा, स्वच्छ धुवावा, दोन दिवस उन्हात ठेवावा. गंज चढलेला किंवा रंगाचे पोपडे निघालेला पिंजरा मात्र धुऊन सुधारत नाही, तो टाकून द्यावा.

पिंजऱ्याबरोबर येणाऱ्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या मी पहिल्याच दिवशी काढतो. सगळ्या दांड्या एकाच जाडीच्या असल्या की तळपायाच्या त्याच जागेवर वर्षानुवर्षं भार येतो, तिथली कातडी आधी लाल आणि चकचकीत होते आणि मग जखम होते. पेरूची किंवा कडुनिंबाची फांदी उत्तम. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत वेगवेगळ्या जाडीच्या, सालीसकट, औषध न फवारलेल्या फांद्या धुऊन, उन्हात वाळवून लावाव्यात. साल सोलण्यात त्यांचा वेळही छान जातो. कण्हेर विषारी आहे, ती चुकूनही नको. दांड्या दोन्ही टोकांना लावायच्या आणि मधली जागा मोकळी सोडायची. झोके, घंटा, शिड्या यांनी मधली जागा भरली की मोठा पिंजराही लहान होतो. बसवून झाल्यावर दुरून बघा. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाताना पक्षी पंख मारत असेल तर जमलं. नुसती उडी मारून पोचत असेल तर दांड्या फार जवळ आहेत, किंवा पिंजरा अपुरा आहे.

मोठा पिंजरा असला तरी रोज तास-दोन तास खोलीत मोकळं सोडावं. त्याआधी पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर आणि मोठ्या काचेवर पडदा, बादलीवर झाकण. पंखा रेग्युलेटरवर कमी करून चालत नाही, बंदच हवा.

२. स्वयंपाकघर, धूर आणि दिवाळी

पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू तो अशा रीतीने आपल्यापेक्षा कितीतरी चांगला शोषतो, आणि हवेतलं विषही तसंच शोषतो. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही, पण शेजारच्या खोलीतला बजी काही मिनिटांत मरू शकतो. त्यावर उपाय नाही, कारण लक्षात येईपर्यंत वेळ गेलेली असते. माझ्या घरात बिडाचा तवा आहे आणि पिंजरा स्वयंपाकघरापासून सगळ्यात लांबच्या खोलीत आहे. मच्छरांची कॉइल, उदबत्ती, धूप, रूम फ्रेशनर हेही त्या खोलीत नको. दिवाळीच्या संध्याकाळी पिंजरा आतल्या खोलीत न्यावा, खिडक्या लावाव्यात आणि एक मंद दिवा चालू ठेवावा. अंधारात अचानक आवाज झाला तर पक्षी सैरभैर होऊन गजांवर आपटतात. थोडा उजेड असला तर त्यांना दांडी पुन्हा सापडते.

पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागून आणि उंची आपल्या डोळ्यांच्या आसपास असावी. एसीचा झोत थेट येऊ नये. ऑस्ट्रेलियाचा पक्षी म्हणून तो विदर्भातला मे महिना सहज सोसेल असं समजू नये, कारण रानात तो दुपारी सावलीत गप्प बसतो. चोच उघडून धापा आणि पंख अंगापासून सुटलेले दिसले की खोली गार करा आणि उथळ ताटलीत पाणी ठेवा.

३. भरलेली वाटी रिकामी असते

बजी दाणा सोलून आतला गर खातो आणि टरफल तिथेच वाटीत टाकतो. संध्याकाळपर्यंत वाटी काठोकाठ भरलेली दिसते, पण वरचा सगळा थर टरफलांचा असतो. ‘खाणं होतं, तरी मेला’ असं सांगणाऱ्या घरांत मी पहिल्यांदा वाटी बघायला मागतो. एवढ्याशा पक्ष्याच्या अंगात साठा नसतो. एक दिवस पूर्ण उपाशी राहिला तर तो धोक्यात येतो, दुसऱ्या दिवशी बहुधा वाचत नाही. म्हणून रोज सकाळी वाटी हातात घ्या, हलकी फुंकर मारा आणि खाली काय राहतं ते पाहा. त्यावर नवे दाणे ओतू नका. वाटी रिकामी करा, पुसा, मग भरा. एका पक्ष्याला दिवसाला चहाचे दोन सपाट चमचे दाणे पुरतात. असं मोजून दिलं की कोणत्या दिवशी कमी खाल्लं तेही आपोआप कळतं.

४. नुसत्या दाण्यांवर तो जगतो, पण आतून पोकळ होत जातो

राळे हे त्याचं मुख्य धान्य, दुकानदार ज्याला कांगणी म्हणतात ते. त्यात बाजरी, नाचणी, वरी आणि मिळालं तर कॅनरी सीड मिसळावं. सूर्यफुलाचं बी तेलकट असतं. पिंजऱ्यातला, कमी उडणारा बजी त्याने लठ्ठ होतो आणि त्याचं यकृत चरबीने भरतं. ते हातावर बसवायला शिकवताना बक्षीस म्हणून एखादं, एवढंच.

दाणे जिवंत आहेत का, याची परीक्षा सोपी आहे. चमचाभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. दोन-तीन दिवसांत बहुतेकांना मोड आले तर माल ताजा. निम्मे तसेच राहिले तर तो जुना, सत्त्व गेलेला आहे. मोड आलेले दाणे धुऊन पक्ष्यांनाच द्या, आवडीने खातात. पावसाळ्यात मात्र याच मोडांना काही तासांत बुरशी धरते, तेव्हा हा प्रकार बंद. कोरडे दाणेही पावसाळ्यात थोडे थोडे आणावेत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. कुबट वास आला किंवा दाणे जाळीने एकमेकांना चिकटले असतील तर सगळे टाकून द्यावेत. बुरशीचं विष यकृत बिघडवतं, ते धुऊन किंवा भाजून जात नाही.

आता मुख्य गोष्ट. धान्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, कॅल्शियम कमी असतं आणि आयोडीनही पुरेसं नसतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाकातलं आणि घशातलं ओलसर अस्तर जाड, कोरडं होतं आणि जंतूंना वाट मिळते. आयोडीन कमी पडलं की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी फुगते, श्वासनलिका आणि अन्ननलिका दाबली जाते. प्रत्येक श्वासाबरोबर बारीक ‘चीं’ असा आवाज येणारा बजी लोक ‘आता बोलायला लागला’ म्हणून कौतुकाने दाखवतात. तो आवाज ऐकला की आधी त्याच्या खाण्याची चौकशी करावी आणि पक्ष्याला डॉक्टरांना दाखवावं.

यावरचा उपाय आपल्या मंडईत मिळतो. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल ढोबळी मिरची. पालक अधूनमधून चालेल, रोज नको, कारण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवून ठेवतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेण पिंजऱ्याला अडकवून ठेवावं. किनाऱ्यावर वेचलेलं असेल तर ते काही दिवस पाणी बदलत भिजवून, उकळून, कडकडीत वाळवावं. आयोडीन असलेला मिनरल ब्लॉकही जवळ टांगावा. वाळू किंवा खडे देण्याची गरज नसते, कारण बजी दाणा सोलून खातो. ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा आणि फरसाण कधीही नको.

‘आमचा पाला खातच नाही’, हे मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. दाण्यांवर वाढलेल्या बजीला पान हे अन्न आहे हेच माहीत नसतं. सकाळी तो सर्वांत भुकेला असतो, म्हणून दाण्यांच्या वाटीआधी अर्धा तास पाला द्यावा. जुडी नीट धुऊन, ओलीच, त्याच्या आवडत्या दांडीच्या वर टांगावी. पहिले काही दिवस तो घाबरतो. मग ओल्या पानांत अंग घुसळून अंघोळ करतो, आणि अंघोळ करता करता चोच लागते. पिंजऱ्यासमोर उभं राहून आपण तेच पान खाल्लं तरी फरक पडतो, कारण थव्यातला पक्षी दुसऱ्याचं बघून खायला शिकतो. गाजर आवडत नसेल तर किसून, भिजवलेल्या राळ्यांत कालवून द्या, म्हणजे दाणे वेचताना तेही चाखलं जातं. याला काही आठवडेसुद्धा लागतात. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून दाणे बंद करणं मात्र जिवावर बेततं. उरलेला ओला पाला दोन-तीन तासांनी काढून टाका.

पक्ष्यांसाठी तयार केलेले पेलेट आता मोठ्या शहरांत मिळतात. ते चांगले आहेत, पण महाग आहेत आणि त्यांची सवयही अशीच हळूहळू लावावी लागते. दाणे आणि रोजची भाजी नीट चालू असेल तर पेलेट नाहीत म्हणून कोणी अपराधी वाटून घेऊ नये.

५. सोबतीला बजी हवा, आरसा नको

एकटा बजी माणसाशी लवकर बोलू लागतो हे खरं आहे. तो बोलतो कारण थवा म्हणून त्याच्याजवळ आपणच असतो. घरातली सगळी माणसं सकाळी नऊला बाहेर पडून संध्याकाळी परतत असतील तर त्याचे ते सगळे तास थव्याला हाका मारण्यात जातात आणि उत्तर येत नाही. अशा पक्ष्याला विरंगुळा म्हणून आरसा लावतात. तो त्या प्रतिबिंबाला जोडीदार समजतो, पोटातले दाणे वर काढून आरशाला भरवत राहतो. समोरून कधीच घास परत येत नाही, तरी तो थांबत नाही. काही पक्षी या नादात स्वतः खाणं कमी करतात. मी कोणाच्या पिंजऱ्यात आरसा पाहिला तर काढायला सांगतो आणि दुसरा बजी आणायचा आग्रह धरतो.

दोन नर सहसा उत्तम राहतात. दोन माद्या जागेवरून भांडू शकतात. नर-मादी हौसेने आणली तर मडकं लावू नका. घरट्याची जागा नसेल तर मादी सहसा अंडी घालत नाही, आणि अशक्त मादीच्या पोटात अंडं अडकलं तर ती एका दिवसात जाऊ शकते. नर-मादी ओळखायची ती चोचीच्या वरच्या, नाकपुड्यांभोवतीच्या मांसल भागावरून. मोठ्या नरात तो निळा असतो, मादीत पांढुरका किंवा तपकिरी. पांढऱ्या आणि पिवळ्या जातींत नराचा हा भाग गुलाबी-जांभळाच राहतो, तिथे फसगत होते.

नवा पक्षी आणला की थेट जुन्याच्या पिंजऱ्यात सोडू नये. महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावा, त्याचं खाणं-पाणी शेवटी करावं आणि मग हात साबणाने धुवावेत. दुकानातून येणाऱ्या पक्ष्याबरोबर सिटॅकोसिस हा आजार येऊ शकतो आणि तो माणसालाही होतो. घरात नवा पक्षी आल्यानंतर कोणाला हटवादी ताप आणि कोरडा खोकला सुरू झाला तर आपल्या डॉक्टरांना ‘घरात पक्षी आहे’ हे आवर्जून सांगा. त्यांना हे कळलं तर नेमकं औषध लवकर मिळतं.

६. काटा आणि वही

स्वयंपाकघरात वापरतात तो एका ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा हे बजी पाळणाऱ्याचं सगळ्यात महत्त्वाचं अवजार आहे. काट्यावर एक छोटी लाकडी दांडी ठेवून आकडा शून्य करावा आणि राळ्याच्या कणसाचं आमिष दाखवून पक्ष्याला त्यावर बोलवावं. दर रविवारी सकाळी, पहिली विष्ठा टाकून झाल्यावर आणि खाण्याआधी वजन घ्यायचं, म्हणजे दर वेळचे आकडे एकमेकांशी ताडता येतात. हातावर न येणाऱ्या पक्ष्याला हवेशीर छोट्या डब्यात ठेवून डब्याचं वजन वजा करावं. पकडायची वेळ आलीच तर मान दोन बोटांमध्ये सैल धरावी आणि छातीवर दाब देऊ नये. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती पुढे-मागे हलली तरच त्याला श्वास घेता येतो. घट्ट मुठीत धरलेला पक्षी गुदमरतो.

एखाद्या ग्रॅमचा चढउतार चालतो. वजन सलग दोन आठवडे उतरलं तर सावध व्हा. नेहमीच्या वजनाचा दहावा हिस्सा गेला, तर पक्षी कितीही खेळता दिसो, त्याच दिवशी डॉक्टर. छत्तीस ग्रॅमच्या पक्ष्यात साडेतीन ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाने सहा किलो गमावण्यासारखं आहे. पिसांमुळे ते डोळ्यांना दिसत नाही. बोटाने छातीवर हलकेच चाचपलं तर मधलं हाड सुरीच्या धारेसारखं लागतं, पण तोवर बरंच मांस झडलेलं असतं. काट्यावर ते आधी कळतं.

७. ट्रेमधला कागद

पिंजऱ्याच्या तळाशी भुसा किंवा वाळू घालू नका, साधा पांढरा कागद घाला आणि रोज बदला. निरोगी बजी दिवसाला चाळीसच्या आसपास छोट्या विष्ठा टाकतो. बाहेर गडद हिरवी-तपकिरी गुंडाळी, मध्ये पांढरा ठिपका आणि कडेला किंचित ओल. पांढरा भाग म्हणजे घट्ट झालेलं मूत्र. कागदावर पाण्याचं मोठं वर्तुळ असेल पण मधली गुंडाळी घट्ट असेल, तर तो जुलाब नाही. काकडी खाल्ल्यावर किंवा घाबरल्यावर तसं होतं आणि दुपारपर्यंत जातं. दिवसभर राहिलं तर मूत्रपिंडाची शंका घ्यावी. गुंडाळीच विरघळून हिरवा चिखल झाला तर तो जुलाब. पांढरा भाग पिवळा किंवा हिरवट झाला तर यकृताकडे बोट जातं. विष्ठांची संख्या एकदम निम्म्यावर आली तर पक्षी खात नाही, मग तो वाटीजवळ कितीही वेळ बसलेला दिसो. आणि विष्ठेत अख्खे, न पचलेले दाणे दिसले तर तो दिवस डॉक्टरांसाठी राखून ठेवा.

८. पिस्ताची हकिकत

पिस्ता हा माझा चार वर्षांचा हिरवा नर. वहीत त्याचं वजन महिनोन्‌महिने छत्तीसच्या आसपास होतं. एका पावसाळ्यात एका रविवारी पस्तीस आलं, पुढच्या रविवारी तेहतीस. बोलणं, भांडणं, अंघोळ सगळं नेहमीसारखं. खाणं तर वाढलेलं दिसत होतं, जेव्हा बघावं तेव्हा तो वाटीवरच.

अशा वेळी पक्ष्याला दुरून, त्याला कळू न देता बघावं. जवळ गेलं की तो ताठ होतो. दाराच्या फटीतून पाहिल्यावर दिसलं की तो दाणे सोलतोय, पण त्यातले पुष्कळ गर खाली पडताहेत. दुपारी तो पिसं फुलवून बसत होता. कपाळावरची पिसं चिकटलेली होती, कारण ओकारी आली की बजी डोकं झटकतो आणि चिकट पाणी स्वतःच्याच डोक्यावर उडतं. कागदावर विष्ठेत अख्ख्या राळ्याचे दाणे होते. भरपूर खाणं, उतरतं वजन, न पचलेले दाणे आणि ओकारी हे चारही एकत्र आले की बजीत पहिला संशय एका विशिष्ट यीस्टवर घ्यावा. तिला पूर्वी मेगाबॅक्टेरिया म्हणत. ती जठराच्या अस्तरात वाढते, अन्न दळलं आणि पचलं जात नाही, आणि पक्षी पोट भरलेलं असतानाही उपाशी मरत जातो.

डॉक्टरांनी ताजी विष्ठा काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, त्यात लांब, सरळ काड्यांसारखे जीव दिसले. हा जीव बुरशीच्या कुळातला असल्यामुळे नेहमीची अँटिबायोटिक त्याच्यावर चालत नाहीत. ॲम्फोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध थेंबांत मोजून, दिवसातून दोनदा, चोचीतून, महिनाभर द्यायचं ठरलं. मधल्या काळात वजन एकतीसपर्यंत घसरलं. त्या दिवसांत पिंजऱ्याच्या एका टोकाला बल्ब लावून ऊब दिली, बारीक दळलेले राळे आणि भिजवलेले मऊ दाणे ठेवले आणि वजन रोज घेतलं. दुसऱ्या आठवड्यात आकडा एकतीसवर थांबला, मग बत्तीस, चौतीस, आणि औषध संपताना पस्तीस. हा जीव एका पक्ष्याच्या विष्ठेतून दुसऱ्याकडे जातो, म्हणून सोबतच्या निळूचीही विष्ठा तपासून घेतली. काही पक्षी हा जीव लक्षणं न दाखवता अंगात बाळगतात आणि ताणाच्या दिवसांत तो पुन्हा उचल खातो, त्यामुळे पिस्ताच्या पानावर मी लाल शाईची खूण करून ठेवली आहे.

९. आणखी काही खुणा

निरोगी बजी एक पाय पोटाशी घेऊन झोपतो. दोन्ही पायांवर, पिसं फुलवून, भर दिवसा झोपणारा बजी बहुधा आजारी असतो. बसल्या जागी प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली होत असेल तर त्याला श्वास घेणं जड जातंय. दांडी सोडून तळाशी बसला असेल तर उद्याची वाट पाहू नका. चोचीच्या कडेला आणि डोळ्यांभोवती सच्छिद्र, खरबरीत पांढरी पुटं दिसली तर ते किडे आहेत. डॉक्टरांच्या एक-दोन औषधांनी ते हमखास जातात, पण दुर्लक्ष केलं तर चोच कायमची वाकडी होते. मोठ्या नराचा निळा भाग तपकिरी होऊ लागला तर वृषणात गाठ असण्याची शक्यता असते. काही लागलेलं नसताना एकच पाय लंगडा पडला तरी पोटात गाठ असू शकते, कारण पायाचा मज्जातंतू मूत्रपिंडाजवळून जातो आणि तिथली गाठ त्याला दाबते. या दोन खुणांनंतर पक्षी फार दिवस राहील असं सांगता येत नाही, पण वेदना कमी करता येतात.

१०. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत

आजारी बजीला पहिली गरज उबेची असते, कारण अंग गरम ठेवण्यातच त्याची उरलीसुरली ताकद जाते. छोटा पिंजरा तीन बाजूंनी कापडाने झाका आणि एका टोकाबाहेर साधा चाळीस वॅटचा बल्ब लावा, म्हणजे आत तीसेक अंश होईल. कापड बल्बला टेकणार नाही हे बघा. दुसरं टोक गार राहू द्या, जास्त झालं तर पक्षी स्वतः सरकेल. धापा टाकू लागला तर बल्ब लांब करा. दाणे तळाशी पसरून ठेवा, त्याला वाटीपर्यंत चढावं लागू नये. चोच उघडून मध, ब्रँडी, ग्लुकोज काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दुकानात मिळणारी पिवळी अँटिबायोटिक पूडही पाण्यात घालू नका. बजी मुळात कमी पाणी पितो, आजारी बजी आणखी कमी, त्यामुळे औषध पुरेसं पोटात जात नाही आणि कडू झालेलं पाणी मात्र तो सोडून देतो.

पक्ष्यांवर उपचार करणारे पशुवैद्य सगळीकडे नसतात, कुत्र्या-मांजरांचे दवाखाने मात्र गल्लोगल्ली असतात. पक्षी निरोगी असतानाच आपल्या भागात बजी कोण तपासतं हे विचारून ठेवा आणि एकदा नुसत्या तपासणीसाठी नेऊन आणा. आजारपणात जाताना वही आणि रात्रभराचा कागद सोबत घ्या, तो धुतलेला किंवा घडी घालून पुसला गेलेला नको. जोडीदाराला शक्य असेल तर त्याच पिंजऱ्यात बरोबर न्या, दोघेही शांत राहतात. प्रवासात पाण्याची वाटी काढून ठेवा, ती सांडली तर ओला झालेला पक्षी गारठतो. तिच्याजागी काकडीची एक चकती गजाला खोचली तर वाटेतली तहान भागते.